हजारात एक गाडी

मेंढा भर दुपारी चोरीला गेला. घरची सगळी मंडळी लग्नाला गेली होती आणि राखणीला ठेवलेल्या आजीबाई टीव्हीसमोर डुलक्या काढत होत्या. मेंढा साधासुधा नव्हता. माडग्याळी जातीचा, पोपटासारख्या बाकदार नाकाचा, चार प्रदर्शनांत पहिला आलेला. त्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स गावच्या चौकात लागला होता आणि त्यावर मेंढ्याचा फोटो मालकाच्या फोटोपेक्षा मोठा होता. न्हावऱ्याच्या बाजूचं ते गाव, मालक तिथला वजनदार माणूस. त्यामुळे एरवी मेंढीचोरीच्या तक्रारीला पोलीस देतात त्याच्या दसपट मान या तक्रारीला मिळाला. गोठ्याजवळ घासाला सोडलेलं पाणी पाझरून माती ओली झाली होती. त्या मातीत मोटरसायकलच्या चाकांचे ठसे उमटले होते. हवालदारांनी त्यांचे फोटो काढले, प्लॅस्टरचा साचा घेतला आणि तो तपासणीला पाठवला.

मी फौजदारी वकिली करते, शिरूर आणि दौंड दोन्हीकडे. बहुतेक प्रकरणं भांडणाची, बांधाची, दारूची. ठशांचा शास्त्रीय अहवाल असलेली मेंढीचोरी माझ्याकडे पहिल्यांदाच आली. आणली ती आरोपीच्या बायकोने. फुलांच्या पिशवीत कागद गुंडाळून आणले होते, त्यामुळे आरोपपत्राला शेवंतीचा वास येत होता.

आरोपी वरवंडचा. स्वतःच्या अर्ध्या एकरात झेंडू, शेवंती, गुलछडी लावायचा आणि मोटरसायकलला दोन्ही बाजूंनी करंड्या बांधून आठवडे बाजार करायचा. न्हावऱ्याच्या बाजारात त्याची जागा ठरलेली होती. चोरीनंतर अकरा दिवसांनी तिथेच हवालदारांनी त्याला धरलं.

"ते वाकून वाकून सगळ्यांच्या गाड्या बघत हुते," त्याने मला सांगितलं. "मला वाटलं, हवा कमी असंल. माझ्या गाडीपाशी आले, मोबाईलमध्ये बघितलं, परत टायर बघितला आन् म्हनले, चल. मी म्हनलं, फुलं हायत. तर म्हनले, फुलं बी घे."

त्याच्या गाडीचं पुढचं टायर सरळ रेघांचं होतं, तसं पुष्कळ गाड्यांना असतं. मागचं मात्र दुसऱ्याच एका जड गाडीचं, रुंद आणि चौकटीचौकटीचं. ओझं पेलावं म्हणून त्याने ते जुन्या बाजारातून घेऊन बसवलं होतं. गोठ्याजवळच्या ठशांतही पुढे रेघा आणि मागे चौकटी होत्या. टायरवर काप, खिळा, झीज अशी ओळख पटवणारी वेगळी खूण मात्र साच्यात उमटली नव्हती. जुळत होती ती जोडी, आणि तेवढीच.

मेंढा सापडला नाही. गाडीवर लोकरीचा एक केसही सापडला नाही. मालक आणि आरोपी एकमेकांना ओळखतसुद्धा नव्हते. त्या दुपारी मी शेवंतीला पाणी देत होतो, असं आरोपीचं म्हणणं होतं. साक्षीदार फक्त बायको, आणि कोर्टात बायकोच्या साक्षीला किती किंमत मिळते ते मला ठाऊक होतं.

प्रकरण उभं राहायला दोन वर्षं गेली. सरकारी वकील माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. आवाज भारदस्त, स्वभाव खेळकर आणि डब्यातलं लोणचं सगळ्यांना वाटणारे. मला ते 'ताई' म्हणायचे आणि समोर उभे राहिले की बिलकुल दयामाया दाखवायचे नाहीत.

पुण्याहून आलेल्या तज्ज्ञाची साक्ष झाली त्या दिवशी ते विशेष रंगात होते. तज्ज्ञ तरुण होता, सावकाश आणि मोजून बोलणारा.

"अशी जोडी किती गाड्यांना असते?" सरकारी वकिलांनी विचारलं.

"आमच्या नोंदींवरून, साधारण हजारात एखाद्या गाडीला."

सरकारी वकिलांनी हा आकडा ऐकून न्यायाधीशांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग मागच्या बाकांवर बसलेल्या मेंढ्याच्या मालकाकडे. "म्हणजे आरोपी निर्दोष असण्याची शक्यता हजारात एक. तो दोषी आहे याची खात्री हजारात नऊशे नव्याण्णव. बरोबर?"

मी उठले. "हरकत आहे. उत्तर साक्षीदाराच्या तोंडात घातलं जातंय."

हरकत मान्य झाली, पण वाक्य बाहेर पडलं होतं. मालकाने मांडीवर थाप मारली. दुपारच्या चहापर्यंत सगळ्या कोर्टात 'नऊशे नव्याण्णव' झालं होतं. झेरॉक्सवाल्यानेही मला विचारलं, "मॅडम, हजारातल्या एकाची बाजू घेतलीत म्हणे?"

खरं सांगायचं तर मी स्वतःही गोंधळले होते. काहीतरी चुकतंय एवढं कळत होतं, पण कुठं ते बोट ठेवून सांगता येत नव्हतं. हजारात एका गाडीला असे टायर, आणि याच्या गाडीला तसेच. मग उरलं काय? मला गणिताची दहावीपासून भीती. वकिलीत आले त्याचं तेही एक कारण.

ते बोट ठेवलं माझ्या सासऱ्यांनी. त्यांना सगळे आबा म्हणतात. तरुणपणी ते मेंढरं घेऊन गावोगाव फिरलेले. आता बरीच वर्षं आमची कवठे येमाईला शेती आहे आणि मेंढरं फक्त त्यांच्या बोलण्यात उरलीत. शिरूरला आमच्याकडे राहायला आले की ते माझ्या स्कूटीवर मागे बसून कोर्टात येतात आणि मागच्या बाकावर बसून ऐकतात. घरच्या मालिकेपेक्षा त्यांना ते बरं वाटतं. त्या दिवशीही ते होते.

संध्याकाळी मी भाकरी करत होते आणि ते ओट्याशी स्टूल घेऊन बसले होते.

"सूनबाई, तो तुमचा सरकारी वकील उलटं बोलला."

"कसं?"

"माझी एक मेंढी व्हती. डावा कान पांढरा न् उजव्या कानावर काळा टिपका. तसली मेंढी हजारात एक घावायची. ती हरावली. म्हैन्याभरानं मला चाकणच्या बाजारात दिसली. तोच कान, तोच टिपका. धरली की त्या मानसाची गचांडी! म्हनलं, माझी मेंढी चोरली. चार मानसं गोळा झाली. मंग म्या तिला हाक मारली."

"मग?"

"तिनं बघितलंबी न्हाई. त्या मानसानं हाक मारली, तर धावत गेली त्याच्याकडं." आबा अजूनही त्या मेंढीवर जरासे रागावलेले दिसले. "हजारात एक मंजी काय? त्या बाजारात आठ-धा हजार मेंढरं आलेली. मंजी तसल्या आठ-धा असनारच. त्यातली माझी कंची? माझी त्यात व्हती का न्हाई, ह्याचाबी पत्त्या न्हाई."

तव्यावरची भाकरी करपली. मी गॅस बंद केला आणि त्यांच्यासमोर फरशीवरच बसले.

एकदम स्पष्ट झालं. तज्ज्ञ गाड्यांबद्दल बोलला होता: ज्याचा चोरीशी काही संबंध नाही अशा माणसाची गाडी जुळायची शक्यता हजारात एक. सरकारी वकिलांनी तेच वाक्य उचलून उलटं ठेवलं: ज्याची गाडी जुळली त्याचा चोरीशी संबंध नसायची शक्यता हजारात एक. शब्द जवळजवळ तेच, पण प्रश्न वेगळा. शिरूर आणि दौंड मिळून लाखभर मोटरसायकली धरल्या, तर चोरी न करताही शंभर जणांच्या गाड्या त्या ठशांशी जुळणार. माझा फुलवाला त्या शंभरातला एक असेल, नाही तर चोर असेल. ठसा त्यांतलं कोणतं ते सांगत नव्हता.

"हे कोर्टाला कसं पटवायचं?" मी म्हणाले.

"दाखवायचं," आबा म्हणाले. "गाड्या हुडकू."

मला हसू आलं. पण दुसऱ्या रविवारी आम्ही दोघं खरंच दौंड स्टेशनच्या पार्किंगमध्ये होतो. मी वही घेऊन, आबा खिशात खडे घेऊन. शंभर गाड्या झाल्या की ते डाव्या खिशातला एक खडा उजव्या खिशात टाकायचे. मेंढरं मोजायची तीच पद्धत. माझ्या वहीवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

वाकून वाकून गाड्यांची मागची टायरं बघत फिरणारी एक बाई आणि एक धोतरवाला म्हातारा. पार्किंगवाल्याने आम्हाला बराच वेळ निरखलं आणि शेवटी तो शिट्टी वाजवत आला.

"ओ काका, काय काढताय?"

"काय न्हाई काढत. बघतोय."

"बघून झालं की काढनार ना?"

मी वकील आहे असं सांगितलं. त्यावर तो म्हणाला, मग तर पक्कंच. शेवटी मी त्याला मेंढ्याची सगळी हकिकत सांगितली. ती ऐकून तो इतका खूश झाला की तोही आमच्याबरोबर वाकायला लागला. चौथ्या खड्याच्या पुढे त्यानेच ओरडून सांगितलं, "मॅडम! पुढं रेघा, मागं चौकट!" रेल्वेतल्या कुणा कर्मचाऱ्याची गाडी होती. नंबरावर हात ठेवून आम्ही फोटो काढला.

त्यानंतर आम्हाला नादच लागला. शिरूरचं एसटी स्टँड, चौफुल्याच्या हॉटेलांसमोरच्या रांगा, एका कॉलेजचं गेट, हायवेच्या कडेला वरवंडचा बाजार. दुसरी गाडी वरवंडलाच सापडली, दुधाचे कॅन लावलेली. तिचा मालक हात जोडून म्हणाला, "ताई, मी मेंढा न्हाई नेला." मी म्हटलं, "कुणी म्हणतच नाही." तरी तो दोनदा बायकोची शपथ घेऊन गेला.

घरी नवऱ्याने विचारलं की मी फी नक्की कशाची घेते. फी म्हणून मला आतापर्यंत मिळाली होती ती गुलछडी.

तिसरी गाडी सापडली तेव्हा आबांच्या उजव्या खिशात वीस खडे झाले होते. त्या दिवशी कोर्टात लवकर पोचलो होतो. माझी तारीख उशिरा होती, म्हणून आबा म्हणाले, हितल्या राहिल्यात, तेवढ्या उरकून घेऊ. कडुलिंबाखाली पन्नासेक गाड्या होत्या. मी एका बाजूने निघाले, ते दुसऱ्या बाजूने.

"सूनबाई," त्यांनी हळूच हाक मारली. एरवी ते हळू बोलत नाहीत.

जुनी, काळी, सीटला भगदाड पडलेली गाडी. पुढे सरळ रेघा. मागे रुंद टायर, चौकटीचौकटीचं. हँडलला एक डबा लटकत होता आणि त्या डब्यातून लोणच्याचा वास येत होता.

सरकारी वकिलांची गाडी!

मला इतकं हसू आलं की मी झाडाला धरून उभी राहिले. त्यांची चारचाकी गॅरेजला होती, म्हणून ते महिनाभर भावाची जुनी मोटरसायकल वापरत होते. भाऊ शिरूरला खताच्या गोण्या पोचवतो, म्हणून मागे जाड टायर. हे सगळं नंतर कळलं. त्या क्षणी आबा फक्त एवढंच म्हणाले, "फोटू काढ. नंबर झाकू नगंस."

"आबा, नंबर झाकायलाच हवा."

"मंग डबा येऊ दे फोटूत."

पुढच्या तारखांना मी आधी हवालदारांना प्रश्न विचारले. भला माणूस होता, खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

"आरोपीची गाडी सापडण्याआधी किती गाड्या तपासल्या?"

"मोजल्या न्हाईत मॅडम. चार बाजार केले, पेट्रोल पंप केले. हजारभर तरी असतील."

"आणि सगळ्या जुळत नव्हत्या?"

"न्हाई ना. ही एकच जुळली."

"ही जुळल्यावर पुढच्या किती तपासल्या?"

हवालदार गोंधळले. "पुढच्या कशाला? सापडली की."

न्यायाधीशांनी लिहिता लिहिता मान वर केली. ते अबोल गृहस्थ होते आणि चष्म्यावरून बघायची त्यांना सवय होती. "पुन्हा सांगा," ते हवालदारांना म्हणाले. "हजार गाड्या तपासल्या, एक जुळली, आणि थांबलात?"

"हो साहेब."

"या एका गाडीखेरीज आरोपीकडे संशय जावा असं दुसरं काही होतं?"

"गाडीच साहेब."

न्यायाधीशांनी ते सावकाश लिहून घेतलं.

मग बचावाचा साक्षीदार म्हणून मी आबांना उभं केलं. सरकारी वकील लगेच उठले. "साहेब, हे वकीलताईंचे सासरे आहेत!"

"मी लपवलेलं नाही," मी म्हटलं. "ते पहिल्याच ओळीत सांगणार आहेत."

आबांनी ते पहिल्याच ओळीत सांगितलं, आणि शपथ घेताना हात इतका उंच केला की पंख्याला लागेल असं वाटलं. किती गाड्या बघितल्या? दोन हजार आन् वर थोड्या. कशा मोजल्या? खड्यांनी. जुळणाऱ्या किती? तीन, आरोपीची सोडून. दौंडला एक, वरवंडला एक. मी फोटो दाखल केले.

"आणि तिसरी?"

आबांनी सरकारी वकिलांकडे बघितलं. त्यांच्या नजरेत अपराधीपणा नव्हता, थोडी दिलगिरी होती. "तिसरी ह्या सायबांची."

मागच्या बाकावरून कुणीतरी खोकला आल्यासारखं हसलं. बेलिफाने तोंड फिरवलं. सरकारी वकिलांनी फोटो घेतला, त्यातला डबा बघितला आणि त्यांचा चेहरा असा झाला की मला एकदम त्यांची दया आली. ती फार टिकली नाही.

"साहेब," मी म्हणाले, "सरकारी वकिलांच्या हिशोबाने, ज्याची गाडी जुळली तो निर्दोष असण्याची शक्यता हजारात एक. मग आज या कोर्टात नऊशे नव्याण्णव टक्क्यांनी—"

"हजारात," न्यायाधीश म्हणाले. "टक्के नाही."

"हजारात नऊशे नव्याण्णव हिश्शांनी मेंढा कुणाकडे आहे, ते सांगायची मला गरज नाही."

"हे काय चाललंय!" सरकारी वकील ओरडले. "त्या दुपारी मी याच कोर्टात उभा होतो! रोजनाम्यात आहे! आणि गाडीसुद्धा तेव्हा माझ्याकडे नव्हती!"

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. "अगदी बरोबर," ते शांतपणे म्हणाले. "तुम्ही चोर नाही हे आम्हाला टायर बघून कळलं नाही. रोजनामा बघून कळलं. म्हणजे टायर जुळलं तरी बाकीचं बघावं लागतं. तुमच्यासाठी बघितलं, तर आरोपीसाठीही बघू या."

सरकारी वकील बसले. आबा अजून पिंजऱ्यातच उभे होते. त्यांनी विचारलं, "म्या जाऊ का?"

मी त्या दुपारी हवेत होते. युक्तिवादाच्या दिवशी तर फारच. लाख गाड्या, हजारात एक, म्हणजे शंभर जुळणाऱ्या गाड्या, हे मी फळ्यावर लिहावं तसं समजावून सांगितलं. आणि मग शेवटी, कुणी न मागता, मी एक पाऊल पुढे टाकलं.

"म्हणजे साहेब, आरोपी हा शंभरातला एक. तो दोषी असण्याची शक्यता शंभरात एक. एवढा हा पुरावा कुचकामी आहे."

चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं गेलं.

"वकीलबाई, ते शंभरही सारखेच संशयित आहेत का?"

"म्हणजे?"

"त्यातला एक रेल्वेत कामाला, कदाचित त्या दिवशी ड्यूटीवर. एकाला न्हावरा कुठल्या रस्त्यावर ते माहीत नसेल. एक तर हे," त्यांनी सरकारी वकिलांकडे मान हलवली, "कोर्टात उभे. आणि समजा त्या शंभरातल्या एकाच्या परड्यात तो मेंढा बांधलेला सापडला असता, तरी तुम्ही शंभरात एक म्हणाला असतात?"

माझे कान गरम झाले. सरकारी वकील टेबलाखाली बघून हसत होते.

"टायर कुचकामी नाही," न्यायाधीश पुढे म्हणाले. "लाख गाड्यांतून शंभरावर आणून सोडतं, हे काही थोडं नाही. पण तिथून एकावर यायला दुसरं काहीतरी लागतं. तो तिथं होता असं कुणी बघितलं, मेंढा मिळाला, काही वैर, काही व्यवहार." ते सरकारी वकिलांकडे वळले. "आहे का काही?"

सरकारी वकिलांनी फाइल उघडली, पानं चाळली. ती पानं त्यांना पाठ होती, मलाही. "आठवडे बाजारासाठी तो न्हावऱ्याला नेहमी येतो, साहेब."

"निम्मा तालुका येतो."

"मग नाही, साहेब," ते म्हणाले. ते त्यांनी सरळ म्हटलं, आढेवेढे न घेता. तेव्हापासून मला हा माणूस जास्त आवडू लागला.

निकालात आरोपीला संशयाचा फायदा मिळाला. न्यायाधीशांनी निकालात दोघांचीही चूक लिहिली, माझी चार ओळींत आणि सरकारी वकिलांची सहा. आबांनी त्या ओळी माझ्याकडून वाचून घेतल्या आणि म्हणाले, "तुझी दोन वळींनी कमी हाय. जितलीस."

मेंढ्याचा मालक चिडून निघून गेला. जाता जाता मला म्हणाला, "मग माझा मेंढा कुनी नेला, ते तरी सांगा." त्याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं, आणि मला त्याचं वाईट वाटलं. दोन वर्षं त्याने टायरवर भरवसा ठेवला होता. चोराच्या मागावर जायला त्यामुळे कुणी उरलंच नव्हतं.

फुलवाला सुटला. पुढे महिन्याभराने त्याची बायको ऑफिसात आली. यावेळी फुलं भरपूर आणली होती, पण तिचा चेहरा उतरलेला होता. न्हावऱ्याच्या बाजारात लोक त्याच्याकडून फुलं घेत नव्हते. सुटला म्हणजे वकिलाने सोडवला, नेला असेलच, असं म्हणायचे. 'हजारात एक' ही गोष्ट गावोगाव पोचली होती आणि तिच्यासोबत 'नऊशे नव्याण्णव'ही. निकालाच्या ओळी मात्र कुठेच पोचल्या नव्हत्या. पोरं त्याच्या गाडीजवळ येऊन 'बें बें' करायची.

मी बार रूममध्ये हे सांगितलं, कुणाला उद्देशून नाही. सरकारी वकील डबा उघडत होते. त्यांनी लोणच्याची फोड माझ्या ताटलीत टाकली आणि विचारलं, "न्हावऱ्याचा बाजार कधी असतो, ताई?"

त्या बाजाराच्या दिवशी मी आणि आबा गेलो होतो, आबांना मेथी हवी होती म्हणून. सकाळची वेळ, बाजार नुकताच भरत होता. फुलवाला आपल्या जागी, करंड्या भरलेल्या, समोर एकही गिऱ्हाईक नाही. तेवढ्यात भावाच्या त्याच काळ्या मोटरसायकलवरून सरकारी वकील आले. पांढरा शर्ट, काळी पँट, कोर्टाच्याच कपड्यात. त्यांनी गाडी फुलवाल्याच्या गाडीला खेटून लावली, मागची चाकं एका ओळीत येतील अशी. मग खाली उतरून, दोन दुकानांपलीकडे ऐकू जाईल अशा भारदस्त आवाजात ते म्हणाले, "पाच किलो शेवंती द्या हो. आणि आपल्या दोघांचं टायर एकच आहे, बघितलंत का? मलाही कोर्टात यावरून ऐकावं लागलं."

फुलवाल्याने तराजू उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. "साहेब, पाच किलो कशाला?"

"लग्न आहे."

लग्न कुणाचं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. शेजारचा कांदेवाला वाकून दोन्ही गाड्यांची टायरं बघू लागला. मग त्याने आणखी एकाला बोलावलं. एका बाईने विचारलं, काय झालंय? कांदेवाला तिला समजावून सांगू लागला, अर्धं बरोबर, अर्धं चुकीचं. तोवर पोरं जमली, पण 'बें' कुणी केलं नाही. सरकारी वकील समोरच उभे होते आणि कमरेवर हात ठेवून प्रत्येकाला स्वतःची गाडी दाखवत होते.

आबा मेथी विसरले आणि गर्दीत घुसले. "सरका, म्या सांगतो," असं म्हणून त्यांनी खिशात हात घातला, आणि चाकणच्या मेंढीपासून सुरुवात केली. त्या बाईने दोन वेण्या घेतल्या, कांदेवाल्याने घरच्या फोटोसाठी एक हार मागितला. फुलवाला तराजूत शेवंती टाकत होता आणि मान खाली घालून, कुणाला दिसू नये असं, हसत होता.